नऊ ढेपा आणि सात पंचवीस

गेल्या जूनमध्ये करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या बाई माझ्याकडे आल्या. राजारामपुरीत माझं डिझाइनचं काम आहे. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, शाळांचे तक्ते असं सगळं करतो. बाईंना पहिलीसाठी मोजणीची कार्डं हवी होती, एक ते दहा, आणि तिसरीसाठी घड्याळाची. पुस्तकातली सफरचंदं नकोत, पोरांनी रोज पाहिलेल्या वस्तू हव्यात, असं त्यांचं म्हणणं. कुणाचं गुऱ्हाळ आहे, कुणाचे वडील चपला शिवतात. म्हणून नऊच्या कार्डावर गुळाच्या नऊ ढेपा, मार्केट यार्डात ज्यांना रवे म्हणतात त्या, आणि घड्याळात शाळेच्या प्रार्थनेची वेळ, सात पंचवीस.

फोटो काढायला वेळ नव्हता, म्हणून मी संगणकावर चित्रं तयार करणारं मॉडेल वापरलं. एक, दोन, तीनची कार्डं तासाभरात झाली. चारलाही फार त्रास झाला नाही. नऊला मात्र मी लिहिलं:

```
nine jaggery blocks on a white cotton cloth, top view
```

चित्र सुरेख आलं. गुळाचा रंग, कापडाची सुरकुती, सगळं जागच्या जागी. मी ते बाईंना पाठवलं आणि त्यांनी छापून वर्गात नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. एका पोरानं प्रत्येक ढेपेवर बोट ठेवून मोजलं होतं आणि म्हणालं होतं, "बाई, ह्ये नऊ न्हाईत, अकरा हाईत." बाकीच्या पोरांनी कार्डावरचा आकडा बघून नऊ म्हटलं होतं. बरोबर असलेलं एकच पोर चुकीचं ठरायची वेळ आली होती. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज माझ्या मनात राहिला. मी न मोजता पाठवलं होतं, आणि मोजायला शिकणाऱ्यांना ते कार्ड दिलं होतं.

त्या रात्री मी तेच वाक्य ठेवून फक्त सीड बदलला, म्हणजे ज्या आकड्यावरून चित्राची सुरुवातीची मुंग्यांसारखी खरखर ठरते तो. वीस चित्रं काढली आणि प्रत्येकातल्या ढेपांवर पेनानं टिंब देत मोजलं. नऊ फक्त तीन चित्रांत निघाल्या. बहुतेकांत आठ, दहा, अकरा. एकात तर पंधरा. `nine` च्या जागी `exactly nine` लिहिलं, `9` लिहिलं, वाक्यात दोनदा सांगितलं. फरक पडला नाही. मोजताना आणखी एक गोष्ट दिसली. काही चित्रांत कडेला अर्धी कापलेली ढेप होती, काहींत दोन ढेपा एकमेकींत वितळल्यासारख्या जुळल्या होत्या, तिथं एक म्हणायचं की दोन हे मलाच ठरवता येईना. पहिलीच्या पोरानं काय करायचं?

आई शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "ठिपके कुठं मांडलेत ह्यानं?" ठिपक्यांची रांगोळी काढताना ती आधी ठिपके घालते, नऊ ते एक. किती पाकळ्या येणार हे रेघ ओढायच्या आधीच ठरलेलं असतं. मला कारण नीट समजलं ते या एका प्रश्नामुळं.

ही मॉडेल्स चित्र काढताना वस्तू एकेक मांडत नाहीत. सुरुवात संपूर्ण खरखरीपासून होते, आणि वीस-तीस पायऱ्यांत ती खरखर थोडी थोडी साफ होत जाते, सगळ्या चित्रात एकाच वेळी. पहिल्या काही पायऱ्यांत फक्त ढोबळ डाग ठरतात: इथं काहीतरी तपकिरी, तिथं पांढरं. नंतरच्या पायऱ्यांत त्या डागांना कडा, चकाकी, सावली मिळते. चित्राचा प्रत्येक भाग वाक्याकडं बघून ठरवतो की आपल्यात गूळ दिसायला हवा का. पण पलीकडच्या कोपऱ्यात आतापर्यंत किती ढेपा झाल्या याची बेरीज कुठंच ठेवली जात नाही. सुरुवातीच्या खरखरीत जितके डाग ढेपेसारखे दिसले, तितक्या ढेपा वाढतात. म्हणून सीड बदलला की संख्या बदलते आणि शब्द बदलून फारसं काही होत नाही.

दुसरं कारण शब्दांच्या बाजूला आहे. आपलं वाक्य आधी आकड्यांच्या माळेत बदललं जातं, आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये हे काम क्लिप नावाच्या प्रणालीकडं असतं. ती 2021 मध्ये आली, लाखो-करोडो चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी जोडून शिकलेली. चित्रातल्या वस्तू मोजणं तिला जड जातं हे तिच्या मूळ शोधनिबंधातच लिहिलेलं आहे. यात नवल नाही. फोटोखाली लोक 'दोन मांजरं' लिहितात, पण टोपलीत तेवीस आंबे असले तरी 'आंब्यांची टोपली' एवढंच लिहितात. त्यामुळं दोन आणि तीनचा अर्थ तिला नीट मिळाला, आणि नऊचा अर्थ 'बरेच' याच्या जवळपास राहिला. 2023 मध्ये गूगलच्या संशोधकांनी तिला दहापर्यंत मोजायला शिकवण्याचा एक प्रयत्न केला. चित्राखालच्या ओळीतला आकडा मुद्दाम चुकीचा करायचा, आणि खरी ओळ कुठली ते तिच्याकडून ओळखून घ्यायचं. त्यानं सुधारणा झाली, पण दहापर्यंतच, आणि तेवढ्यासाठीसुद्धा वेगळं शिकवावं लागलं.

म्हणजे ठिपके मीच मांडायचे होते. मी साध्या ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये पांढऱ्या पानावर नऊ तपकिरी गोल काढले, तीन ओळींत तीन-तीन. दोन गोलांमध्ये साधारण अर्ध्या गोलाएवढी जागा सोडली आणि कडेपासून तेवढंच अंतर ठेवलं. हे पान मॉडेलला सुरुवात म्हणून दिलं. अशा वेळी एक आकडा निवडावा लागतो, स्ट्रेंग्थ, शून्य ते एक. 0.5 ठेवला की तुमच्या चित्रावर अर्धीच खरखर टाकली जाते आणि तीसपैकी शेवटच्या पंधरा पायऱ्याच चालतात. ढोबळ डाग ठरवणाऱ्या पहिल्या पायऱ्या टळतात आणि नेमकी संख्या तिथंच बिघडत असते. 0.3 ला माझे गोल तसेच गोल राहिले, रंगवलेल्या लाडूंसारखे. 0.8 ला दहावी ढेप उगवली. 0.55 च्या आसपास गुळाचा खडबडीतपणा आला आणि नऊच्या नऊ राहिल्या. हा आकडा प्रत्येक वस्तूला वेगळा लागतो. चपलांना 0.45 वरच थांबावं लागलं, नाहीतर अंगठे जोडीत उलटसुलट होत होते.

तरी प्रत्येक कार्ड टिंब देऊन मोजलंच. एका चित्रात ढेपेची सावली इतकी गडद पडली होती की तीच दहावी ढेप वाटावी. वाक्यात मऊ उजेड मागितला, तेव्हा ती सावली फिकी झाली.

घड्याळाचं प्रकरण याहून हट्टी निघालं. सात पंचवीस मागितलं तरी दर वेळी दहा वाजून दहा मिनिटं, किंवा त्याच्या जवळची वेळ. घड्याळांच्या जाहिराती पाहिल्या की कारण समजतं. घड्याळं बहुतेक दहा-दहाच्या सुमारास लावूनच फोटो काढतात, कारण दोन्ही काटे सारखे उघडतात आणि वर मधोमध असलेलं कंपनीचं नाव झाकत नाहीत. मॉडेलनं असे ढीगभर फोटो पाहिले आहेत. त्याच्या लेखी काट्यांचा तो कोन हा घड्याळाच्या दिसण्याचाच भाग आहे, जशी काच किंवा चौकट.

सीड बदलत बदलत एकदा मोठा काटा पाचवर आला आणि लहान सातवर. मला वाटलं, जमलं. बाईंनी बघताक्षणी नाकारलं. "दादा, लहान काटा बरोब्बर सातवर कसा? सात वाजून पंचवीस मिनिटं झालीत की." खरंच, असं घड्याळ भिंतीवर असूच शकत नाही. सात पंचवीसला लहान काटा सात आणि आठच्या जवळजवळ मध्ये असतो. तिसरीत हेच शिकवायचं असतं. चित्रातली वेळ खरी आहे का हे तपासायचं असेल तर मोठा काटा वाचायचा आणि लहान काटा तेवढाच पुढं सरकलाय का ते बघायचं. दोन्ही काटे वेगवेगळी वेळ सांगत असतील तर ते चित्र बाद.

काट्यांशिवाय तबकडी मागून बघितली, तर तरीही काटे आले. काटे खोडले, तर आकड्यांत दोन आठ निघाले. तेव्हा मी मॉडेलकडून फक्त लाकडी चौकट आणि शाळेची भिंत घेतली. तबकडी, आकडे आणि काटे स्वतः काढले. हिशेब सोपा आहे. मोठा काटा मिनिटाला 6 अंश फिरतो, म्हणजे पंचवीस मिनिटांना 150. लहान काटा तासाला 30 अंश आणि मिनिटाला अर्धा अंश, म्हणजे 210 अधिक साडेबारा, 222.5. हे मी एसव्हीजीमध्ये, म्हणजे आकडे लिहून चित्र काढायच्या भाषेत, असं लिहिलं:

```
<g transform="translate(200 200)" stroke="black">
  <line y2="-95" stroke-width="10" transform="rotate(222.5)"/>
  <line y2="-150" stroke-width="6" transform="rotate(150)"/>
</g>
```

काटा आधी बाराकडं सरळ उभा असतो, आणि `rotate` त्याला घड्याळाच्याच दिशेनं फिरवतो. दोन आकडे बदलले की दुसरी वेळ तयार. मधल्या सुट्टीचं, शाळा सुटायचं अशी सगळी कार्डं एका दुपारी झाली, आणि त्यात काटे चुकण्याची भीतीच उरली नाही. फक्त सपाट काळे काटे लाकडी चौकटीत चिकटवल्यासारखे दिसत होते, म्हणून त्यांना खाली उजवीकडं बारीक सावली दिली, चौकटीची सावली पडली होती त्याच बाजूला.

कार्डं जाड कागदावर छापून मी स्वतः शाळेत नेली. बाईंनी सात पंचवीसचं कार्ड तिसरीत दाखवलं आणि विचारलं, लहान काटा सातवर का नाही. मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. "सात वाजून गेल्यात बाई, म्हणून बारका काटा आठाकडं निघालाय."