तुम्ही विचारलंत म्हणून: एका वाक्याची दोन झाडं

"तुमचा पार्सर एकाच वाक्याची दोन-दोन झाडं का काढतो? बरोबर असेल ते एक निवडून का देत नाही?"

निवडून द्यायचा की. एम.टेक.ला असताना लिहिलेला माझा पहिला पार्सर, म्हणजे वाक्यातले कुठले शब्द कुणाशी जोडले जातात ते झाडासारखं मांडणारा प्रोग्राम, अगदी शहाण्या मुलासारखा एकच झाड द्यायचा, आणि तेच त्याचं दुखणं होतं.

वाक्य पाच शब्दांचं होतं: "ताजी फळं आणि फुलं द्या". ताजी नक्की काय काय? व्याकरण मी मुद्दाम इतकंच ठेवलं होतं, `वा` म्हणजे वाक्य, `न` म्हणजे नाम, `वि` म्हणजे विशेषण:

```
वा → न द्या
न  → वि न
न  → न आणि न
न  → फळं
न  → फुलं
वि → ताजी
```

पद्धत संगणकशास्त्रज्ञ जे अर्ली यांची. 1968चा त्यांचा प्रबंध, 1970चा लेख. शब्दांच्या मधल्या जागांना 0 ते 5 आकडे द्यायचे आणि प्रत्येक जागेसाठी चार्टमध्ये एक कप्पा ठेवायचा. कप्प्यात बसतात ठिपका लावलेले नियम, ठिपक्याआधीचा भाग वाचून झालेला आणि पुढचा बाकी, आणि प्रत्येकाशेजारी तो नियम कुठल्या जागेपासून सुरू झाला तो आकडा. ठिपक्यापुढे `न` असेल तर `न`चे सगळे नियम ठिपका सुरुवातीला ठेवून त्याच कप्प्यात घालायचे, हे प्रेडिक्ट. ठिपक्यापुढे शब्द असेल आणि वाक्यात तोच आला तर ठिपका एक घर पुढे सरकवून पुढच्या कप्प्यात, हे स्कॅन. ठिपका शेवटाला पोचला तर नियम सुरू झाला त्या कप्प्यात मागे जायचं आणि तिथे जे जे `न`ची वाट बघत थांबलेत त्यांचा ठिपका पुढे ढकलायचा, हे कम्प्लीट.

`न → न आणि न` हा नियम स्वतःपासूनच सुरू होतो. साध्या वरून-खाली पार्सरला तो अनंत गरगरायला लावतो. इथे मात्र प्रेडिक्टने तोच नियम पुन्हा आणला तर "आहे की आधीच" म्हणून टाकून द्यायचा, म्हणजे संपलं. ही "आहे की आधीच" तपासणी मला फार आवडायची. तीच नडली.

"फळं" वाचून झाल्यावर कप्पा 2 मध्ये एकच ठिपकेदार नियम दोनदा दिसतो: `न → न • आणि न` एकदा 0 पासून, एकदा 1 पासून. पहिल्यात "ताजी फळं" आधीच एक झालेत, दुसऱ्यात "ताजी" अजून बाहेर थांबलेलं आहे. आकडे वेगळे, म्हणून दोन्ही सुखाने नांदतात. "फुलं" वाचल्यावर कप्पा 4 मध्ये काय जमतं ते पाहा (कामाचं तेवढंच देते):

```
न  → फुलं •        3
न  → न आणि न •    1
न  → न आणि न •    0
न  → वि न •        0
वा → न • द्या      0
```

शेवटची ओळ दोन वाटांनी येते. तिसऱ्या ओळीवरून आली तर (ताजी फळं) आणि फुलं. चौथीवरून आली तर ताजी (फळं आणि फुलं). ओळ तीच, आकडाही तोच, म्हणून दुसऱ्यांदा आलेली माझा प्रोग्राम फेकून द्यायचा. वाक्य व्याकरणात बसतं की नाही एवढंच विचारायचं असेल तर फेकणं बरोबरच आहे. पण झाड काढण्यासाठी "ही ओळ कशावरून आली" ही खूण मी त्या ओळीतच ठेवली होती, एकच. दुसऱ्या ओळीबरोबर दुसरी खूणही कचऱ्यात गेली. माझ्या सगळ्या चाचण्या हो-नाहीच्या होत्या, त्यामुळे सगळ्या पास.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मी वाक्य टाइप केलं. झाड आलं: ताजी फळं एकीकडे, फुलं एकीकडे. सर म्हणाले, "छान. पुन्हा एकदा चालवा." काही शंका आली म्हणून नव्हे, त्यांचा चष्मा खिशात राहिला होता. मी पुन्हा चालवला आणि दुसरंच झाड आलं. तिसऱ्यांदा पुन्हा पहिलं. खोलीतला पंखा मला त्या दिवसापर्यंत ऐकू आला नव्हता.

मी काय म्हणावं? "सर, भाषाच द्व्यर्थी आहे."

सर म्हणाले, "भाषा द्व्यर्थी आहे, मान्य. प्रोग्राम का लहरी आहे?"

उत्तर नव्हतं. माझ्या गाइडनी खिडकीबाहेर पाहिलं. आजही ते वाक्य आठवलं की मी स्वतःशी भांडते: अगं, भाषेवर का ढकललंस? आणि तेव्हाची मी उलट विचारते: तुला तरी त्या खोलीत दुसरं काय सुचलं असतं?

कारण दोन दिवसांनी सापडलं. प्रक्रिया व्हायच्या ओळी मी पायथनच्या `set` मध्ये, म्हणजे क्रम न पाळणाऱ्या संचात, ठेवून `pop()` ने काढत होते. पायथन दर वेळी सुरू होताना मजकुराचे हॅश, म्हणजे संचातली जागा ठरवणारे आकडे, नव्या बीजाने काढतो, म्हणून ओळी बाहेर पडण्याचा क्रम दर वेळी बदलतो. `PYTHONHASHSEED=0` लावलं की लहर गायब. खरं सांगते, तेवढंच करून गप्प बसायचा मोह झाला होता. रांग वापरली असती तर या वाक्याला कायम पहिलंच झाड आलं असतं, आणि मी आयुष्यभर स्वतःला बरोबर समजले असते.

मग रांग वापरली, खुणांची यादी ठेवली आणि दोन झाडं आली. जिंकले असं वाटलं. व्याकरणात `न → पानं` घालून "ताजी फळं आणि फुलं आणि पानं द्या" दिलं. हाताने मोजलं तर 5 झाडं, प्रोग्राम म्हणतो 10. त्यातल्या एका झाडात फुलं नाहीतच, दुसऱ्यात दोनदा. डाव्या `न`च्या खुणा एका यादीत आणि उजव्याच्या दुसऱ्या यादीत ठेवल्या होत्या, त्यामुळे एका फोडीचा डावा भाग दुसऱ्या फोडीच्या उजव्याला चिकटत होता. खूण जोडीनेच ठेवावी लागते: ठिपका सरकण्याआधीची ओळ आणि जिच्यामुळे तो सरकला ती ओळ, एकत्र. नंतर कळलं की अर्लींच्या मूळ मांडणीतला हाच दोष मासारु तोमिता यांनी 1980च्या दशकात दाखवला होता. परीक्षेआधी कळलं असतं तर... नाही, तेव्हा मी वाचलंच नसतं.

तेव्हापासून मी झाडं मोजते. या व्याकरणात एका "आणि"ला 2, दोनला 5, तीनला 14 यायला हवीत. कमी आली तर काहीतरी फेकलं जातंय, जास्त आली तर खुणा मिसळताहेत.

तर तुम्ही म्हणता ते "बरोबर असेल ते". चार्टपाशी ते ठरवायला काहीच नाही. ताजेपणा फुलांनाही लागतो हे दुकानदाराला ठाऊक, ठिपक्याला नाही. निवड करायचीच तर वेगळ्या ठिकाणी, उघडपणे, नियमांना वजनं देऊन करा. माझं हे म्हणणं ठाम आहे.

म्हणजे, होतं. "आणि" वाढले की झाडांचं जंगल कुणालाच नको असतं, हे मलाही दिसतं. म्हणून तुमच्यासारख्यांच्या आग्रहाखातर मी `--first` हा पर्याय ठेवलाय. तो एकच झाड देतो, दर वेळी तेच, आणि लोक खूश असतात. ते झाड खुणांच्या यादीत पहिलं होतं, एवढ्यावरच निवडलेलं असतं. आजवर कुणी विचारलेलं नाही.