बोअरपर्यंत पोचता पोचता २४ व्होल्ट गळाले

सासवडजवळच्या आमच्या शेतात पाच एचपीची थ्री फेज सबमर्सिबल आहे. गेल्या उन्हाळ्यात ती संध्याकाळी नुसती हुंकार द्यायची, आणि चालू झालीच तर दहा मिनिटांत ओव्हरलोड रिले पडायचा. अण्णांचं ठाम मत, मोटर जळत आली. वायरमनही वर काढायच्या तयारीत होता. मी म्हटलं, आधी व्होल्टेज मोजू.

मोजायचं ते मोटर चालू असताना. बंद मोटरवर करंट नसतो, मग केबलमधली घटही दिसत नाही. पॅनेलवर ३८८ आणि बोअरच्या तोंडाशी ३६४ व्होल्ट भरले. चोवीस व्होल्ट वाटेतच गेले होते. क्लॅम्प मीटरवर १०.८ अँपिअर, नेमप्लेटवर ९.५. व्होल्टेज पडलं की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, त्यामुळे घट आणखी वाढते.

केबल ४ स्क्वेअर एमएम तांब्याची होती. पाच एचपीचा करंट ती सहज पेलते. दुकानदारानं तेवढंच पाहिलं होतं, लांबी विचारलीच नव्हती. लांबी पॅनेल ते बोअर २८० मीटर, त्यात खाली मोटरपर्यंतचे ९० मीटर मिळवायचे, म्हणजे ३७०. (हे ९० मीटर मीही आधी विसरलो होतो.) या केबलचा रोध किलोमीटरला ४.९५ ओहम, म्हणजे ३७० मीटरला १.८३.

पहिल्या हिशेबात मी सिंगल फेजसारखं २ ने गुणलं. थ्री फेजला १.७३ लागतात:

```
1.73 x 9.5 x 1.83 = 30 V
```

४१५ च्या सात टक्क्यांहून जास्त. पॉवर फॅक्टर धरला तर आकडा थोडा उतरतो, पण मी मुद्दाम धरला नाही. उन्हानं तापलेल्या केबलचा रोध वाढतो, त्याची भरपाई तिथे होते. सुरू होताना करंट पाच-सहा पट, म्हणून तो हुंकार.

मला घट पाच टक्क्यांच्या, म्हणजे २१ व्होल्टच्या आत हवी होती. बोअरमधली केबल तशीच ठेवली, तिचा रोध ०.४५. वरच्या २८० मीटरला १० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम धरली तर एकूण साडेएकवीस व्होल्ट, अगदी काठावर. १६ ची धरली तर रोध ०.५३, एकूण सोळा. पुण्याच्या तापकीर गल्लीतून १६ ची आर्मर्ड आणली. तांबं-ॲल्युमिनियमच्या जोडाला बायमेटल लग लावले. नुसते पीळ दिले की तिथे गंज चढून जोड तापतो.

आता पॅनेलवर ३८८ असताना बोअरवर ३८० भरतात आणि करंट ९.७ वर आहे. अण्णा अजून म्हणतात, मोटर जुनीच झाली होती.