सतरंजीखालचा कोबा

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या घराचा दिवाणखाना मी गेल्या दिवाळीआधी रंगवला. काम चोख झाले, पैसे वेळेवर मिळाले आणि घरच्यांची कसलीही तक्रार नाही. तरीही त्या दिवाणखान्याची एक भिंत माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तिच्याबद्दल मला हातात ब्रश घेण्यापूर्वीच सांगण्यात आले होते आणि मी ते हसण्यावारी नेले होते.

रंग ठरवण्यासाठी मला बोलावले तो पितृपक्षातील रविवार होता. या पंधरवड्यात घरात रंगाचा डबा आणायचा नाही, असा आजींचा दंडक होता. मात्र कार्डे बघायला त्यांची हरकत नव्हती. "आई, बघितला म्हणजे ठरवलाच की," असे त्यांच्या मुलाने म्हणताच त्यांनी ऐकवले, "ठरवला म्हणजे आणला नव्हे. तुझं लग्नही आम्ही पितृपक्षातच ठरवलं होतं, लावलं मार्गशीर्षात." सूनबाई स्वयंपाकघरातून हसल्या, आणि तिथून पुढचे अडीच तास त्या घरात कोणी सरळ वाक्य बोलले नाही.

जेवणे उरकली होती. दिवाणखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत निळ्या पट्ट्यांची मोठी सतरंजी अंथरली होती, मध्ये भडंगाची परात होती आणि परातीभोवती माझी शेडकार्डे पंख्यासारखी उघडून पडली होती. आजींना होता तोच गुलाबी हवा होता. काकांना क्रीम हवा होता. काकूंना विजेच्या बटणांभोवतीचे हातांचे डाग ज्यावर दिसणार नाहीत असा कोणताही रंग चालणार होता. पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलीला राखाडी हवा होता, आणि दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या आवडत्या क्रिकेट संघाच्या जर्सीचा पिवळा.

बाहेरच्या माणसाला वाटते की रंगाऱ्याचे काम भिंतीशी असते. निम्मे काम या परातीभोवती होते. आमच्यातील बरेच ठेकेदार ते टाळतात. वाद वाढला की "ऑफ व्हाइट घ्या, सगळ्यावर शोभतो" असे सांगून मोकळे होतात, कारण मागच्या कामाचा दोन डबे ऑफ व्हाइट गोदामात उरलेला असतो. मला वाद ऐकायला आवडते. कोण कोणता रंग का मागतो आहे हे कळले की पुढे खाडाखोड कमी होते.

मुलाच्या पिवळ्याचा निकाल आधी लावावा लागला. भडक पिवळा झाकत नाही, म्हणजे खालचा रंग त्यातून दिसत राहतो. फिकट रंगाच्या डब्यात झाकण्याचे काम मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड करते. भडक छटेत ती फारशी घालता येत नाही, कारण घातली की पिवळा लगेच लोण्यासारखा फिका होतो. पूर्वी शिशाचे पिवळे रंगद्रव्य उत्तम झाकायचे, पण ते विषारी असल्याने गेले, आणि ते गेले याचे मला दुःख नाही. आता दोन हातांत होणारे काम पिवळ्याला चार हात मागते. "चार हात म्हणजे चार माणसं?" असे मुलाने विचारले. रंगाचा एक थर म्हणजे एक हात, असे त्याला समजावल्यावर त्याने दिवाणखान्यावरचा दावा सोडला आणि तोच पिवळा आपल्या अभ्यासाच्या टेबलासाठी मागितला. तो त्याला लगेच मंजूर झाला.

काकांचा क्रीम मात्र गूढ होता. त्यांनी एका पट्टीवरील चौकोनावर बोट ठेवून "हाच" म्हटले. मी तोच कोड दुसऱ्या कार्डात काढून दाखवला, तर तिथे तो फिकट राखाडी निघाला. काकांनी दोन्ही कार्डे चष्मा काढून आणि चष्मा लावून पाहिली. शेवटी काकूंनी पहिल्या पट्टीचा वास घेतला. ते भडंगाचे तेल होते, हळदीसकट. "बाबांनी भडंग निवडला आहे," असे मुलीने जाहीर केले, आणि काकांनी पुढची मूठ डाव्या हाताने घेतली.

खरा वाद राखाडीवरून झाला. मुलीने निवडलेली छटा अत्यंत सौम्य राखाडी होती. काका भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी कार्ड आपल्या डोक्याशेजारी भिंतीवर धरले आणि म्हणाले, "हा हिरवा आहे. शेवाळ्यासारखा." मुलगी खाली वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर ठेवून तीच छटा पाहत होती. तिला त्यात हिरव्याचा मागमूस दिसत नव्हता. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांबद्दल, वयाबद्दल आणि मोबाइलच्या अतिवापराबद्दल बरेच काही सुनावले. आत्याबाई तेवढ्यात आल्या, त्यांनी उभ्या उभ्या दोन्ही बाजूंना मत देऊन वाद आणखी वाढवला.

खरे तर दोघांचेही बरोबर होते. मी रंगकामात येण्यापूर्वी कलाशिक्षक पदविकेचे एक वर्ष केले आहे, आणि त्या वर्षातील जी एक गोष्ट मला रोज पोट भरायला उपयोगी पडते ती हीच. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईची जबाबदारी शेवरल नावाच्या रसायनतज्ज्ञाकडे होती. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याने काळ्या रंगाची तपासणी केली आणि तो उत्तम निघाला. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सहवासाचा होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपापल्या विरुद्ध दिशेला ढकलतात, हा नियम त्याने 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. गुलाबीच्या विरुद्ध हिरवा. त्यामुळे जुन्या गुलाबी भिंतीवर धरलेला निर्विकार राखाडी काकांना शेवाळी दिसत होता, आणि पांढऱ्या कागदावर तोच मुलीला साधा राखाडी दिसत होता.

हे मी भाषण करून सांगितले नाही. दोन कोरे पांढरे कागद घेतले, प्रत्येकाला मध्ये रुपयाएवढे भोक पाडले आणि त्याच छटेच्या दोन पट्ट्यांवर ठेवले. मग एक पट्टी भिंतीशी आणि एक जमिनीवर ठेवून काकांना भोकातून पाहायला सांगितले. आता गुलाबी झाकला गेला होता. काका बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझी भिंतच खोटं बोलते." आजी कोपऱ्यातल्या आपल्या बैठ्या खुर्चीवरून म्हणाल्या, "खोटं कशाला बोलेल? लाजते ती. चार वाजले की ही भिंत लाजते, कधी बघितलंय कोणी?"

सगळे हसले. मीही हसलो.

मुलीच्या बाजूने आता बहुमत झाले नाही, पण राखाडीला विरोधही उरला नाही. मी मुलीला तिने निवडलेल्या चौकोनाऐवजी त्याच पट्टीवरील एक घर वरचा, म्हणजे फिका, घ्यायला सांगितले. दीड इंचाचा चौकोन आणि चार भिंती यांत हा फरक असतोच: भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात आणि खोलीत तो कार्डापेक्षा गडद होऊन बसतो. दसऱ्यानंतर मी छोटा डबा आणून फुल इंपिरियल कागदावर दोन हात मारले, कडेला चार बोटे पांढरा समास सोडला, म्हणजे जुना गुलाबी त्याला चिकटून दिसणार नाही, आणि तो कागद डोळ्यांच्या उंचीवर टांगला. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली सर्वांनी पाहिला. मंजूर झाला. माझ्या मते याहून अधिक काळजी कोणी घेत नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

पुढचे काम नेहमीचेच. जुना डिस्टेंपर तळहातावर पिठासारखा येत होता, म्हणून पूर्ण खरवडला. भिंत सपाट करणाऱ्या लांबीचे दोन हात, घासाई, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन. तिन्ही डबे एका पिंपात ओतून एकत्र ढवळून घेतले, कारण एकाच कोडचे दोन डबेसुद्धा भिंतीच्या मध्यावर भेटले की कधी कधी भांडतात. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी सामान आत गेले.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मुलीचा फोन आला. "काका, तुम्ही या भिंतीला खाली दुसरा डबा वापरला का?" आवाजात राग नव्हता, गंमत होती. मी मोटारसायकल काढली.

आजींच्या खुर्चीमागची भिंत जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत गुलाबी झाली होती. डाग नव्हता, ओल नव्हती. रंग खाली दाट होता आणि वर जाता जाता राखाडीत विरघळत होता. मी भिंतीवर हात ठेवला तर माझ्या हातावरही तोच गुलाबी पसरला. मग मी मागे वळून जमीन पाहिली. सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली होती, आणि तिच्या जागी लाल ऑक्साइडचा, साठ वर्षे पुसून पुसून आरशासारखा झालेला कोबा होता. पश्चिमेच्या खिडकीतून ऑक्टोबरअखेरचे तिरपे ऊन थेट आत येऊन त्यावर पडले होते, आणि कोबा ते लाल करून भिंतीवर फेकत होता.

हे इतकी वर्षे कोणाला दिसले नव्हते, कारण भिंतच गुलाबी होती. गुलाबीवर पडलेला लाल कोण मोजणार? राखाडी मात्र अंगावर पडेल ते दाखवतो. माझा नमुन्याचा कागद डोळ्यांच्या उंचीवर होता, जिथे हा प्रकाश पोहोचतच नाही, आणि शेडकार्डांच्या त्या रविवारी आभाळ भरलेले होते आणि कोबा सतरंजीखाली होता. त्यानंतर मी नमुन्याचा कागद जमिनीला टेकवून ठेवतो आणि अंथरलेले सगळे उचलायला लावतो. पण हे सारे मला त्या दिवशी कळण्यासारखे होते. त्या भिंतीशेजारी रोज चार वाजता बसणाऱ्या एकमेव माणसाने ते सांगितले होते, आणि रंग विरुद्ध दिशेला कसे ढकलतात हे शेवरलच्या भरवशावर सांगणाऱ्या मला ते म्हातारीचे बोलणे वाटले.

मी काकांना सांगितले की खालच्या भागाला किंचित हिरवट राखाडी मारून हा परिणाम मारता येईल, पण मग सकाळी तो भाग शेवाळी दिसेल. मुलगी म्हणाली, दुपारी सतरंजी टाकली तरी भागेल. ती माळ्याकडे जाऊ लागली तेव्हा आजींनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवले.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "पाच वाजता जातो तो."