लाल चेंडूचा माग: ओपनसीव्हीमध्ये एचएसव्ही मर्यादा ठरवण्याचा माझा अनुभव

माझ्या बारावीतल्या पुतणीला लंबकाचा आवर्तकाल स्टॉपवॉचऐवजी व्हिडिओवरून मोजायचा होता, म्हणून सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या घराच्या माजघरात आम्ही तुळईला दोरा बांधून लाल रबरी चेंडू टांगला. हुकापासून चेंडूच्या मध्यापर्यंतचे अंतर एक मीटर ठेवले, मोबाइल तिपाईवर बसवला आणि प्रत्येक फ्रेममध्ये चेंडू कोठे आहे हे ओपनसीव्ही या चित्रे तपासणाऱ्या प्रोग्रॅम-संचाने शोधायचे ठरवले. काम एकाच रंगाच्या एकाच वस्तूचे असल्यामुळे ते सोपे वाटते. पण लाल हा रंग एचएसव्ही या रंग आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीत सर्वांत अडचणीच्या जागी बसलेला आहे, आणि या अनुभवातील शिकण्यासारखा बराचसा भाग त्या जागेशीच निगडित आहे.

एचएसव्हीमध्ये रंगछटा, रंगाचा गडदपणा आणि उजेड हे तीन आकडे वेगवेगळे मिळतात. येथे गडदपणा म्हणजे अंधार नव्हे, तर रंग करडा-पांढरट नसून किती भरीव आहे ते. छटा हा वर्तुळावरील कोन असतो, ० ते ३६० अंश. ओपनसीव्हीची नेहमीची प्रतिमा आठ बिटांची असल्यामुळे त्यात ३६० मावत नाही. म्हणून तेथे कोनाची निम्मी किंमत, म्हणजे ० ते १७९, साठवली जाते, तर गडदपणा आणि उजेड ० ते २५५ असतात. चित्र संपादनाच्या प्रोग्रॅममधून रंगाचे आकडे उचलून ते जसेच्या तसे वापरले तर मर्यादा भलत्याच रंगावर पडतात, कारण तेथे छटा बहुधा ३६० पर्यंत आणि बाकीचे दोन आकडे शंभरपर्यंत असतात.

लाल रंग बरोबर या वर्तुळाच्या शिवणीवर येतो. चेंडूवरचे दोन शेजारी पिक्सेल घेऊ. पहिल्यात लाल २००, हिरवा ४०, निळा ३०. दुसऱ्यात लाल २००, हिरवा ३०, निळा ४०. डोळ्यांना यांत काहीच फरक दिसत नाही, पण पहिल्याची छटा २ येते आणि दुसऱ्याची १७८. त्यामुळे ० ते १० अशी एकच मर्यादा दिली की चेंडू अर्धवट, कुरतडल्यासारखा दिसतो. यावर नेहमी सांगितला जाणारा उपाय म्हणजे दोन्ही टोकांचे दोन मुखवटे, म्हणजे मर्यादेत बसणारे पिक्सेल पांढरे आणि बाकीचे काळे दाखवणारी चित्रे, करून ते जोडणे. तो बरोबर आहे, परंतु मर्यादा जुळवताना चार टोके सांभाळावी लागतात आणि छटेची सरासरी काढली तर २ आणि १७८ यांची ९० होते, म्हणजे लालऐवजी आकाशी.

मला दुसरी वाट अधिक पसंत पडली. ओपनसीव्ही फ्रेम निळा, हिरवा, लाल या क्रमाने देते. रूपांतर करताना मुद्दाम उलटा क्रम सांगितला, की लाल रंग निळ्याच्या जागी, म्हणजे १२० च्या आसपास जातो. वरचे दोन पिक्सेल मग ११८ आणि १२२ असे शेजारी-शेजारी येतात आणि एकच मर्यादा पुरते.

```python
hsv = cv2.cvtColor(frame, cv2.COLOR_RGB2HSV)
mask = cv2.inRange(hsv, (112, 130, 45), (126, 255, 255))
```

या ओळींतले आकडे आमच्या खोलीचे आहेत. दुसऱ्या खोलीत ते तसेच चालतील असे नाही. ते मिळवताना आम्ही चेंडू प्रथम खिडकीकडच्या टोकाला, नंतर मध्यभागी आणि शेवटी अंधाऱ्या टोकाला स्थिर धरून चित्रे घेतली आणि तिन्ही ठिकाणचे चेंडूवरील पिक्सेल एकत्र करून पाहिले. एकाच जागेचा नमुना घेतला तर मर्यादा त्या जागेपुरतीच खरी ठरते आणि झोक्याच्या दुसऱ्या टोकाला चेंडू मुखवट्यातून नाहीसा होतो. त्याआधी मोबाइलचे एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करणे अत्यावश्यक आहे, नाहीतर कॅमेरा स्वतःच रंग बदलत राहतो आणि आपण मात्र आकडे बदलत बसतो.

गडदपणाच्या खालच्या मर्यादेला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. तुळईखालच्या सावलीत एखाद्या पिक्सेलमध्ये लाल ५२, हिरवा ५०, निळा ५० असेल तर तो प्रत्यक्षात करडाच असतो, पण गणिताने त्याची छटा अस्सल लाल ठरते. सेन्सरच्या किरकोळ गोंगाटाने लाल ५० आणि हिरवा ५२ झाला की तीच छटा थेट हिरवी होते. अशा पिक्सेलचा गडदपणा जेमतेम १० असतो. म्हणून खालची मर्यादा १३० ठेवली की ही सगळी लुकलुक एकदम थांबते. चेंडू सोडणारा हातही याच मर्यादेमुळे बहुतांशी बाहेर राहिला.

लाल कोब्याची जमीन मात्र अशी हटली नाही. तिची उलट क्रमातील छटा ११५ आणि गडदपणा १६७ च्या आसपास होता, आणि जमिनीवरून परतणाऱ्या उजेडामुळे चेंडूची खालची बाजूही त्याच आकड्यांत येत होती. जेथे दोन वस्तूंचे आकडे एकमेकांवर पडतात तेथे कोणतीही मर्यादा त्यांना वेगळे करू शकत नाही, म्हणून आम्ही आकड्यांशी झगडण्याऐवजी जमिनीवर पांढरी चादर अंथरली. कोबा झाकला गेला, आणि चादरीवरून वर जाणाऱ्या उजेडाने चेंडूच्या खालच्या बाजूची सावलीही हलकी झाली. दृश्य बदलणे शक्य असेल तर ते आधी बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक बारीक दोष मुखवटा नीट मोठा करून पाहिल्यावरच दिसतो. खिडकीच्या बाजूला चेंडूवर चकाकीचा पांढरा ठिपका पडतो. त्याचा गडदपणा कमी असल्याने मुखवट्यात तेथे भोक पडते. मुखवट्यातील सगळ्या पांढऱ्या पिक्सेलचा मध्य काढला तर तो भोकापासून दूर, म्हणजे खिडकीच्या विरुद्ध बाजूला सरकतो, आणि चेंडू खिडकीजवळ असताना हे सरकणे वाढते. म्हणून आम्ही फक्त बाहेरची कड घेतली आणि त्या बंद आकृतीचा मध्य काढला. त्यात आतली भोके आपोआप भरून निघतात.

```python
cnts, _ = cv2.findContours(mask, cv2.RETR_EXTERNAL,
                           cv2.CHAIN_APPROX_NONE)
if cnts:
    m = cv2.moments(max(cnts, key=cv2.contourArea))
    if m["m00"] > 0:
        x = m["m10"] / m["m00"]
```

ठिपका चेंडूच्या अगदी कडेला असेल तर भोकाऐवजी कडेलाच खाच पडते आणि ही युक्ती कामी येत नाही. खिडकीला पातळ पडदा लावल्यावर आमच्याकडे तो प्रश्न उरला नाही.

वेगाचाही परिणाम पाहावा लागतो. झोका मध्यापासून १५ सेंटिमीटर असेल तर मध्यभागी चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे ४७ सेंटिमीटर होतो. फ्रेम १/३० सेकंद उघडी राहिली तर चेंडू दीड सेंटिमीटर फराटा ओढतो, आणि फराट्याच्या दोन्ही टोकांना चेंडूचा लाल भिंतीच्या पांढऱ्यात मिसळून गडदपणा उतरतो. टोके दोन्हीकडे सारखीच झिजत असल्यामुळे मध्य ढळत नाही, पण क्षेत्रफळ कमी होते. त्यामुळे लहान आकृत्या गाळण्यासाठी क्षेत्रफळाची अट घातली असेल तर ती मध्यभागच्या फ्रेमवरून ठरवावी, टोकाच्या थांबलेल्या चेंडूवरून नव्हे.

शेवटी `x` चा आलेख काढून चेंडू एकाच दिशेने मध्य ओलांडतो त्या वेळा घेतल्या. मोबाइलच्या चित्रणात फ्रेममधील अंतर नेहमी सारखे नसते, म्हणून फ्रेम मोजून तिसाने भागण्याऐवजी `cv2.CAP_PROP_POS_MSEC` वरून प्रत्येक फ्रेमची वेळ वाचली. एक मीटरच्या लंबकाचा आवर्तकाल सूत्राने २.०१ सेकंद येतो आणि वीस आंदोलनांची आमची सरासरीही तेवढीच आली. पुतणीने लगेच दोरा अर्धा केला आणि मर्यादांना हात न लावता पुन्हा चित्रण केले. पण चेंडू आता तुळईच्या सावलीजवळ आला होता, आणि त्या जागेचे नमुने घेऊन उजेडाची खालची मर्यादा थोडी उतरवल्यावरच तो झोक्याच्या दोन्ही टोकांना अखंड दिसू लागला.