खिडकीकडच्या टेबलाचं रीडिंग

बारावीच्या प्रॅक्टिकलमधलं टायट्रेशन आम्हाला हमखास जमायचं. पिपेटने 10 मिली फेरस अमोनियम सल्फेट घ्यायचं, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्युरेटमधून परमँगनेट सोडायचं. दोन्ही द्रावणं सारख्या नॉर्मॅलिटीची, त्यामुळे रीडिंग 10 च्या आसपास यायलाच हवं. त्या दिवशी खिडकीकडच्या टेबलावर मात्र 10.7, 11.1 असं काहीही येत होतं. दोन रीडिंग जुळेनात, आलेला गुलाबी रंगही बघता बघता उडून जाई. भिंतीकडच्या टेबलावर सगळं सुरळीत.

‘10.1 लिहून टाकू’ अशी कुजबुज सुरू झाली. सरांनी ती तिथेच थांबवली आणि प्रत्येकाला आलेलं रीडिंग फळ्यावर लिहायला लावलं. आमच्या शाळेबद्दल मला सर्वात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी. आकडे समोर आल्यावर शोध सोपा झाला. परमँगनेट आणि फेरसचं द्रावण दोन्ही टेबलांना एकाच साठ्यातून दिलेलं होतं. पिपेट बदलूनही फरक पडेना. उरली अ‍ॅसिडची बाटली.

तेवढ्यात सॉल्ट अ‍ॅनालिसिसची मुलंही अडली होती. डायल्यूट हायड्रोक्लोरिक घालताच पांढरा साका आला, म्हणून त्यांनी पहिला ग्रुप, म्हणजे लेड ठरवलं. पण लेड क्लोराइड उकळत्या पाण्यात विरघळतं आणि हा साका ढिम्म हलेना. तो बेरियम सल्फेटचा होता.

आदल्या दिवशी आमच्या वर्गातल्या एका मुलीने मामांना मदत म्हणून दोन बाटल्या भरल्या होत्या. जुनी लेबलं अ‍ॅसिडने खाल्लेली, म्हणून तिने आधी बाटल्या भरल्या आणि नंतर नवी लेबलं चिकटवली. दोन्ही अ‍ॅसिडं पाण्यासारखी रंगहीन, तिथेच अदलाबदल झाली. सर तिला रागावले नाहीत. ‘तूच तपास,’ म्हणाले. तिने दोन टेस्ट ट्यूबमध्ये दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं अ‍ॅसिड घेतलं, बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले आणि ‘हायड्रोक्लोरिक’ लिहिलेल्या बाटलीचीच नळी दुधासारखी पांढरी झाली.

सरांनी मग टायट्रेशनचं कोडंही सोडवलं. हायड्रोक्लोरिकमधल्या क्लोराइडचं थोडं परमँगनेटमुळे क्लोरीन होतं आणि फेरस सोबत असलं की ही क्रिया थंड द्रावणातही चालते. परमँगनेट जास्त खर्च होतं आणि रीडिंग वर चढतं.

त्यानंतर प्रयोगशाळेचा क्रमच बदलला. रिकाम्या बाटलीला आधी लेबल, मग अ‍ॅसिड. लेबलवर नाव, तीव्रता, तारीख आणि भरणाऱ्याची सही, वरून मेणाचा हात. ओतताना लेबल तळहाताकडे, म्हणजे ओघळ त्यावर येत नाही. प्रॅक्टिकलच्या सकाळी दोन्ही अ‍ॅसिडांची बेरियम क्लोराइडची चाचणीही होऊ लागली. तीव्रता मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा सोड्याच्या द्रावणाशी टायट्रेशन करायचं ठरलं आणि ते काम सरांनी त्याच मुलीकडे सोपवलं.