पालकांची संमती

इंदूर, शनिवार, रात्री दहा

गेल्या रविवारी संध्याकाळी सईच्या मराठी वर्गाचे खाते उघडायला बसलो होतो, ते आज उघडले. तिच्या इथल्या शाळेत मराठी नाही. घरी ती अस्खलित बोलते, पण आजीने लिहिलेली चिठ्ठी वाचताना अडखळते, म्हणून पुण्याहून ऑनलाइन चालणारा एक वर्ग आम्ही निवडला.

नाव भरून झाले आणि जन्मतारीख भरताच पान बदलले. सई ११ वर्षांची आहे, त्यामुळे पालकाची ओळख आणि वय पडताळल्याशिवाय पुढे जाता येईना. सौ. म्हणाली, "अहो, शेजारच्यांनी वर्षच बदलून टाकलं, पाच मिनिटांत झालं त्यांचं." ही पळवाट मला रुचली नाही. वर्ष बदलले की त्या यंत्रणेच्या लेखी मुलगी सज्ञान ठरते आणि मुलांसाठी ठेवलेली सारी बंधने, जाहिरातींवरची असोत की अनोळखी लोकांच्या संदेशांवरची, तिच्या खात्याला लागूच होत नाहीत. शिवाय स्वतःबद्दलची पहिलीच नोंद तिने खोटी करावी, तीही बापाच्या सांगण्यावरून, हे मनाला पटेना.

पडताळणीसाठी डिजिलॉकरचा मार्ग दिला होता. माझे तिथे खाते नव्हते, ते उघडण्यासाठी आधार क्रमांक भरला आणि ओटीपीची वाट पाहत बसलो. तीनदा मागवला, एकदाही आला नाही. सई शेजारी फोन हातात धरून बसली होती आणि दर मिनिटाला "बाबा, आला का?" विचारत होती. मी नेटवर्कला दोष देत होतो, पण बँकेचे संदेश त्याच फोनवर वेळेवर येत होते. तेव्हा कारण दुसरे असणार, हे ध्यानात यायला हवे होते.

सोमवारी कचेरीतल्या एका सहकाऱ्याने युक्ती सांगितली. आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक वैध आहे का ते तपासण्याची सोय आहे. तिथे वयोगट आणि राज्य यांच्यासोबत नोंदलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन अंकही दिसतात. पाहिले, तर ते अंक माझ्या जुन्या क्रमांकाचे निघाले. ते सिम बंद करून काही वर्षे लोटली. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, म्हणजे माझ्या आधारचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जात असण्याचीही शक्यता होती. त्या विचाराने मी खरोखर अस्वस्थ झालो. सईच्या खात्याचे निमित्त झाले नसते, तर हे मला आणखी किती वर्षे कळले नसते कोण जाणे.

मंगळवारी अर्धी रजा काढून आधार केंद्रावर गेलो. मोबाइल बदलण्यासाठी कोणतेही कागदपत्र लागत नाही, बोटांचे ठसे जुळले की पुरते. शुल्क ७५ रुपये. पोचपावती जपून ठेवली आणि वर्गाच्या बाईंना कळवले. त्यांनी गुरुवारचा पहिला तास सईला खात्याशिवाय, पाहुणी म्हणून बसू दिला.

आज नवा क्रमांक नोंदल्याचा संदेश आला. पुन्हा बसलो, ओटीपी लगेच आला, सईने सहा अंक मोठ्याने वाचून दाखवले आणि माझी पडताळणी झाली. मग संमतीचे पान उघडले. त्यावर चार चौकटी होत्या आणि चारही आधीच खूण केलेल्या. वर्गात हजर राहणे आणि गृहपाठ साठवणे या दोन ठीक होत्या. तिसरी तासाच्या चित्रफिती प्रसिद्धीसाठी वापरण्याची, चौथी तिच्या आवडीनुसार इतर अभ्यासक्रम सुचवण्याची होती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, संमती सेवेला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले, तरी पालकांच्या संमतीचे बंधन त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होते. तोवर त्या चौकटी मीच वाचायच्या आहेत. शेवटच्या दोन खुणा काढल्या. खाते तरीही उघडले, म्हणजे त्या खुणांची वर्गाला गरज नव्हतीच.

सईने नावाच्या रकान्यात देवनागरीत स्वतःचे नाव लिहिले, 'ई' दीर्घ आहे ना, हे दोनदा विचारून. दिलेली संमती मागे घेण्याची जागा खात्याच्या गोपनीयता विभागात, अगदी तळाशी आहे. ती इथे नोंदवून ठेवतो.