विश्वसनीयता ०.९५ वरून ०.७८ वर आणली, आणि सही अडली

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधात चाचणीची विश्वसनीयता काढणं हे तसं एका संध्याकाळचं काम. माझं गणपतीपलीकडे गेलं. गणित अवघड नव्हतं. आमच्या विभागातल्या तपासणी समितीला मोठा आकडा आवडतो, आणि मी तो लहान करून नेला होता.

चाचणी नववीच्या भूगोलाची होती. ४० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी एक गुण, सोप्याकडून कठीणाकडे लावलेले. अर्धविच्छेद पद्धत घेतली, कारण शाळा एकच चाचणी एकदाच घेऊ देते. तीच मुलं पुन्हा बसवा म्हटलं की मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. चाचणीचे दोन भाग करायचे, प्रत्येक मुलाचे दोन्ही भागांतले गुण वेगळे मोजायचे आणि त्यांचा सहसंबंध काढायचा. पहिले २० आणि शेवटचे २० असे भाग केले तर एक भाग सोपा, दुसरा कठीण होतो, शिवाय शेवटाला मुलं कंटाळलेली असतात. म्हणून १, ३, ५ एका बाजूला आणि २, ४, ६ दुसऱ्या बाजूला.

शाळा खाडीपलीकडची, राजापूर तालुक्यातली. एक तास मागितला होता, मिळाली ३५ मिनिटांची शेवटची तासिका. शिपाईमामांनी दारातच सांगितलं, "बाई, येष्टी चुकली तर पोरांना अंधारात चालत जावं लागंल." त्यापुढे काय बोलणार! घंटा झाली तशा उत्तरपत्रिका गोळा केल्या.

गुण शीटमध्ये भरताना एक गोष्ट पाळा. बरोबरला १, चुकीला ०, आणि न सोडवलेल्या प्रश्नाची चौकट रिकामी ठेवा, तिथे शून्य भरू नका. बेरजेला काही फरक पडत नाही, पण पुढे याच रिकाम्या चौकटी कामाला येतात. पहिला प्रश्न `B` स्तंभात, चाळिसावा `AO` मध्ये. पहिल्या दोन ओळी एका मुलाची विषम आणि सम बेरीज काढतात. त्या ५२ मुलांपर्यंत खाली ओढायच्या:

```
AP2: =SUMPRODUCT((MOD(COLUMN(B2:AO2),2)=0)*B2:AO2)
AQ2: =SUMPRODUCT((MOD(COLUMN(B2:AO2),2)=1)*B2:AO2)
AS1: =CORREL(AP2:AP53,AQ2:AQ53)
AS2: =2*AS1/(1+AS1)
```

`B` हा दुसरा स्तंभ, म्हणून विषम प्रश्न सम स्तंभांत येतात. तिथे गोंधळू नका. शेवटची ओळ म्हणजे स्पिअरमन-ब्राउन सूत्र. चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन या दोघांनी ते १९१० साली स्वतंत्रपणे मांडलं. ते लागतं, कारण मिळालेला सहसंबंध २० प्रश्नांच्या अर्ध्या चाचणीचा असतो आणि आपल्याला हवी असते पूर्ण ४० प्रश्नांची विश्वसनीयता. प्रश्न जास्त तितकी चाचणी स्थिर, म्हणून आकडा वर जातो. दोन्ही भागांतल्या गुणांचा प्रसार साधारण सारखा असावा, एवढं आधी प्रमाण विचलन काढून बघून घ्या.

सहसंबंध आला ०.९१, सूत्रानंतर ०.९५. समितीतल्या सरांनी आकडा बघून "उत्तम" म्हटलं आणि पान उलटलं.

मला तो पटेना. स्वतः तयार केलेल्या पहिल्याच चाचणीला ०.९५? शेवटच्या स्तंभावर `=COUNTBLANK(AO2:AO53)` लावलं, तर ३१ आलं. ५२ पैकी ३१ मुलं चाळिसाव्या प्रश्नापर्यंत पोचलीच नव्हती. मग एकेक उत्तरपत्रिका काढून बसले. एका मुलीने २६ प्रश्न सोडवले होते, २२ बरोबर: विषम ११, सम ११. एका मुलाने ३८ सोडवले, ३३ बरोबर: विषम १७, सम १६. जो जिथवर पोचला, त्याच्या निम्मे प्रश्न आपोआप या बाजूला आणि निम्मे त्या बाजूला जातात; न पोचलेले प्रश्नही दोन्हीकडे सारखेच वाटले जातात. म्हणजे सहसंबंध सांगत होता तो मुख्यतः हात किती भरभर चालतो ते. वेळ अपुरा असेल तर विषम-सम विभागणी विश्वसनीयता फुगवून दाखवते, आणि आकड्याकडे बघून ते अजिबात कळत नाही. कळतं ते शेवटच्या रिकाम्या चौकटींवरून.

मुख्याध्यापकांना पुन्हा गाठलं. ते म्हणाले, "मॅडम, चाकरमानी यायच्या आत उरका." शनिवारच्या सकाळच्या शाळेत ब तुकडी मिळाली, ४९ मुलं, आणि वेळेची अट नाही. या वेळी चाळिसावा प्रश्न फक्त दोघांचा रिकामा राहिला. सहसंबंध ०.६४, सूत्रानंतर ०.७८.

आणि इथे प्रबंधावरची समितीची सही अडली.

"आधी ०.९५ होतं ना? मग हे कमी कसं झालं?" कारण सांगितलं. "पण ०.९० च्या वर हवं." कुठे लिहिलंय, ते कोणी सांगेना. फाईल टेबलावर पडून. दर वेळी नवीन शंका, आणि दर वेळी शेवटी तोच सल्ला: जुना आकडा छान होता, तोच ठेवा. एवढा राग मला गणिताचा कधी आला नव्हता.

एक शंका मात्र रास्त होती, आणि ती काढणाऱ्या मॅडमना मी मनातून मानलं. त्या म्हणाल्या, तुकडीच वेगळी आहे. फरक वेळेमुळे पडला की मुलांमुळे, कशावरून? हे उत्तर जुन्याच तक्त्यात मिळालं. पहिल्या तुकडीतली सगळीच्या सगळी ५२ मुलं २४ व्या प्रश्नापर्यंत पोचली होती. म्हणून त्यांचे फक्त पहिले २४ प्रश्न घेतले, १२ विषम, १२ सम. इथे वेगाला फारसा वाव नाही. सहसंबंध आला ०.५५, सूत्राने २४ प्रश्नांची विश्वसनीयता ०.७१. आता हीच चाचणी ४० प्रश्नांची असती तर? सूत्राचं मूळ रूप असं आहे, `k` म्हणजे लांबी किती पट:

```
k = 40/24 = 1.67
k*r / (1 + (k-1)*r)
= 1.67*0.71 / (1 + 0.67*0.71) = 0.80
```

म्हणजे त्याच मुलांचे, त्याच दिवशीचे गुण, आणि घाईचा भाग काढला की ०.९५ चं ०.८० होतं. पहिले २४ प्रश्न सोपे होते, म्हणून हा अंदाज जरा ढोबळच. पण ब तुकडीच्या ०.७८ च्या शेजारी तो बसतो, ०.९५ च्या जवळपासही नाही. दोन्ही तक्ते एका पानावर छापून नेले. मॅडमनी पान दोनदा वाचलं, सरांकडे सरकवलं, आणि सही झाली. सरांनी जाता जाता "आकडा कमीच आहे हो" हे ऐकवलंच.

तुम्हाला करायचं असेल तर विश्वसनीयतेच्या आकड्याशेजारी दिलेला वेळ आणि शेवटचा प्रश्न किती मुलांनी सोडवला हे लिहूनच टाका. माझ्या प्रबंधात तसं वाक्य आहे. वेळ मिळणारच नसेल तर विषम-समच्या नादी लागू नका. दोन भाग वेगळे छापा, प्रत्येकाला वेगळा वेळ लावा, आणि मग सहसंबंध काढा.

आणखी एक राहिलं. माझे सगळे प्रश्न सुटे होते, पण वेंगुर्ल्याच्या मैत्रिणीच्या मराठीच्या चाचणीत दोन उतारे होते, प्रत्येकावर पाच प्रश्न. उतारा ज्याला कळला नाही त्याचे पाचही जातात, आणि विषम-समने ते दोन्ही बाजूंना वाटले गेले की सहसंबंध पुन्हा उगीच वाढतो. तिने पहिल्या उताऱ्याचे पाचही प्रश्न एका भागात टाकले, दुसऱ्याचे पाच दुसऱ्या भागात, आणि उरलेल्या सुट्या प्रश्नांनाच विषम-सम लावलं. तिचा आकडाही खाली आला. तिच्या समितीपुढे तो अजून जायचा आहे.